‘एक ओळ टाकली की झालं’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया : घाटावरच्या भोंग्यांवर घोषणा कोणत्या क्रमाने वाजवायच्या, यावरचा तुमचा लेख वाचला. एवढं रामायण कशाला? `queue.insert(0, msg)` ही एक ओळ टाकली की तातडीची घोषणा सगळ्यांत आधी वाजते. बाकी पांडित्याचा देखावा. शिवाय आकृती मोबाइलवर दिसत नाही आणि ‘प्राधान्य’ तीनदा चुकलंय.

उत्तर : नमस्कार. ‘प्राधान्य’ची चूक मान्य, आजच दुरुस्त केली. पण ‘देखावा’ हा शब्द लागला. नाशिकला रामकुंडाच्या घाटावर भोंग्यांची यंत्रणा मी नऊ पावसाळे सांभाळली आहे. मतभेद असावेत, पण बोलायची ही रीत नव्हे.

तुमची ती ओळ मीही लिहिली होती. एका संध्याकाळी गंगापूर धरणातून विसर्ग वाढवल्याचा फोन आला. दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं होतं. मी बटण दाबलं : ‘पाणी वाढतंय, घाटावरून वर या.’ दहा सेकंदांनी दुसरं : ‘वर येताना पुलाकडे जाऊ नका, कपालेश्वराच्या पायऱ्यांनी या.’ तेव्हा पार्किंगची घोषणा चालू होती. ती संपेपर्यंत दोन्ही अडकल्या, आणि तेवढ्यात दुसरी शून्याव्या जागी बसून पहिली मागे ढकलली गेली. लोकांना आधी ऐकू आलं, ‘पुलाकडे जाऊ नका.’ का, ते कुणालाच कळेना. एक आजी लुगडं पिळता पिळता तशाच पाण्यात उभ्या राहिल्या. पुढे घुसवत गेलं की शेवटची पहिली होते, हे मी तिथे शिकलो.

म्हणून तातडीच्या घोषणांची रांग वेगळी. तिच्यात आधी दाबलेली आधी वाजते, आणि चालू असलेली साधी घोषणा जागच्या जागी तुटते.

आता वेळापत्रक. माझ्या जुन्या प्रोग्रॅममध्ये एक संपली की पुढची सुरू व्हायची. तीनदा दोन-दोन मिनिटांचा इशारा दिला की सात वाजताची आरतीची सूचना सात वाजून सहा मिनिटांनी. म्हणून आता प्रत्येक घोषणेला घड्याळातली वेळ आणि ‘उशिरात उशिरा’ची वेळ, अशा दोन्ही देतो. समजा ६:५८:३० ला इशारा सुरू झाला, ७:००:३० ला संपला. तुटलेल्या पार्किंगच्या घोषणेची मुदत ७:०० होती, ती टाकून दिली. हरवलेल्या मुलाची ६:५९ ची, मुदत ७:१० : ती लगेच वाजली, ४५ सेकंद. मग ७:०१:१५ ला आरतीची, मुदत ७:०२. साडेसातची साडेसातलाच. इशारा आणखी मिनिटभर लांबला असता तर आरतीची सूचनाही गेली असती, आणि ते बरोबरच : शिळी घोषणा साचवली की तीच पुढच्यांना अडवते.

आकृतीसाठी मोबाइल आडवा धरा. बाकीच्यावर बोलण्यासारखं काही नाही.

हरवलेल्या मुलाची ती ६:५९ ची घोषणा तुमच्या एका ओळीत किती वाजता वाजते, तेवढं कळवा.