काकडीची चकती आणि दुपारचे 2:50

येळ्ळूरचा ओंकार रविवारी सकाळी दारात उभा राहिला तेव्हा त्याच्या हातात तांदळाची पिशवी होती. घरचा तांदूळ घेऊन येणारा माणूस काहीतरी मागायला आलेला असतो, हे मला बेळगावात पासष्ट वर्षं काढून कळलेलं आहे. पिशवीच्या मागून मोबाइल निघाला आणि मोबाइलमधून बावन्न मिनिटांचं एक इंग्रजी लेक्चर.

"काका, सर काय बोलूलेत ते समदं लिवलेलं हाय ह्यात. खरं मला ते मराठीत पायजे. दोन पानांत."

आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण', हे बाहेरच्या वाचकांनी ध्यानात ठेवावं.

पोरगं हुशार. दहावीपर्यंत मराठी शाळा, गल्लीत मराठी, एस.टी. स्टँडवर कानडी, आणि आता डिप्लोमाला सगळंच एकदम इंग्रजी. गणित मराठीत करतो आणि उत्तर इंग्रजीत लिहितो. विषय होता 'स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स', म्हणजे कुठली वस्तू किती जोरानं ताणली की कधी तुटते. माझी आख्खी नोकरी उद्यमबागेतल्या एका कारखान्यात मशिनवर सळया ओढून तोडण्यात गेली. म्हटलं, हे तर आपलंच शेत. जेवायच्या आत संपवून टाकू.

लेक्चर ऐकून मोबाइलनं आपोआप टंकलेला मजकूर होता तो. सरांचं तोंड आणि मोबाइलचा कान यांची ओळख नुकतीच झालेली असावी. पहिली चार पानं 'माझा आवाज येतोय का', 'मागच्या बाकावरचे', 'ओके', 'सो' यांतच गेली. ती मी एका फटक्यात उडवली आणि मला वाटलं, सारांश म्हणजे हेच की! नको ते काढायचं, उरलेलं मराठीत लिहायचं.

उरलेल्यात पहिलंच वाक्य होतं: 'स्ट्रेस इज नाऊ द लोड.' मी लिहिलं, 'स्ट्रेस म्हणजे आता भार.' वाक्य जरा लंगडं वाटलं, खरं सर बोलले असतील. चार ओळी खाली सर म्हणत होते की लोड तोच ठेवला तरी सळी बारीक केली की स्ट्रेस वाढतो. आता स्ट्रेस म्हणजेच लोड असेल, तर लोड तोच असताना स्ट्रेस वाढेल कसा? मी चष्मा पुसला आणि ओंकारला म्हटलं, सतराव्या मिनिटाला आवाज लाव. तिथं सर स्वच्छ म्हणत होते, 'स्ट्रेस इज नॉट द लोड.' मोबाइलनं 'नॉट'चं 'नाऊ' केलं होतं. एका अक्षरानं सरांचा सगळा तास उलटा झाला. त्यानंतर मी नियमच केला: जिथं व्याख्या आहे, आकडा आहे किंवा नकार आहे, तिथं कागदावर विश्वास नाही, कान लावायचा.

आकड्याचा अनुभव तर पुढच्याच पानावर आला. 'माइल्ड स्टील विल यील्ड अॅट अराउंड 2:50.' ओंकारनं वहीत आधीच लिहून ठेवलं होतं, 'यील्डची टेस्ट दुपारी 2:50 ला.' शिवाय यील्ड म्हणजे उत्पन्न, हे त्याला येळ्ळूरच्या भातापासून माहीत. एकराला किती पोती, त्याला साहेबलोक यील्ड म्हणतात. तेव्हा लोखंडाचं पीक दुपारी तीनला दहा कमी असताना निघतं, अशी त्याची समजूत होती आणि त्यानं ती निमूटपणे पाठ केली होती. सर म्हणाले होते 'टू फिफ्टी', म्हणजे 250 मेगापास्कल. एका चौरस मिलिमीटरला 250 न्यूटन.

आता आली खरी अडचण. स्ट्रेसला मराठीत काय म्हणायचं? मी सहज 'ताण' लिहिलं. पुढं 'टेन्शन' आलं, त्यालाही ताण. मग 'टेन्साइल स्ट्रेस' आला आणि माझ्या कागदावर 'ताणाचा ताण' उमटला. ओंकारनं वाचून मान हलवली. "म्हंजे परीक्षेच्या आदल्या रात्री हुतो तो."

परिभाषेच्या पुस्तकात स्ट्रेसला 'प्रतिबल' आणि स्ट्रेनला 'विकृती' असे शब्द आहेत. विकृती वाचल्यावर पोरानं सळईकडं असं बघितलं, की तिच्या घरी सांगून यावं असं त्याला वाटत असावं. शब्द वाईट नाहीत. खरं त्याच्या पेपरात ते येणार नाहीत, वर्गात कुणी उच्चारणार नाही, आणि त्याला घरूनही ते माहीत नाहीत. म्हणजे एका अनोळखी शब्दाच्या जागी दोन अनोळखी शब्द. तेव्हा ठरवलं, पेपरात येणारा शब्द जसाच्या तसा ठेवायचा, स्ट्रेस तो स्ट्रेसच, आणि त्याच्या शेजारी घरातल्या मराठीत एक वाक्य. मी लिहिलं: 'स्ट्रेस: बाहेरून ओढलेला जोर सळीच्या आत प्रत्येक चौरस मिलिमीटरच्या वाट्याला किती आला, तो वाटा.' आणि खाली सरांचं सूत्र, P / A, म्हणजे लोड भागिले एरिया. वाटा म्हटल्यावर शेतकऱ्याच्या पोराला लगेच कळलं. वाटणीचा विषय आमच्या भागात कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

स्ट्रेनला फार वेळ लागला नाही. मूळ लांबीच्या मानानं किती लांबली, एवढंच. लांबी भागिले लांबी, म्हणून त्याला एकक नाही.

खरं, मी जी माती खाल्ली ती सोप्या शब्दात खाल्ली. सरांच्या बोलण्यात दर दोन वाक्यांनी 'क्रॉस सेक्शनल एरिया' येत होता. एवढा लांब शब्द पोराला कशाला, म्हणून मी दयाबुद्धीनं सगळीकडं 'जाडी' लिहिलं. वाक्य काय छान झालं: 'जाडी दुप्पट झाली की स्ट्रेस निम्मा होतो.' वाचायला गोड, दोन पानांत बसलेलं. ओंकारनं वाचलं, म्हणाला, "काका, आता कळूलंय बघा." मी बायकोला चहा टाकायला सांगितला.

'कळूलंय' या शब्दावर मी कधी विश्वास ठेवत नाही. कारखान्यात नवी पोरं मशिन बिघडवायच्या आधी हेच म्हणायची. तेव्हा चहा येईपर्यंत एक गणित घातलं. शंभर किलोच्या दहा गोण्या एका सळीला टांगल्या, म्हणजे जोर झाला सुमारे 10,000 न्यूटन. सळी 12 मिलिमीटर व्यासाची. तिच्या जागी 24 ची घेतली, तर स्ट्रेस किती होईल?

"निम्मा," ओंकार ठासून म्हणाला. "तुमीच लिवलंय की वो."

मीच लिहिलं होतं, आणि ते चूक होतं. 12 च्या सळीचा एरिया 113 चौरस मिलिमीटर, म्हणून स्ट्रेस साधारण 88. 24 च्या सळीचा एरिया 452, म्हणून स्ट्रेस 22. निम्मा नव्हे, पाव! व्यास दुप्पट केला की एरिया चौपट होतो. सर म्हणाले होते 'एरिया दुप्पट'. मी लिहिलं 'जाडी दुप्पट'. आणि आपल्या मराठीत जाडी म्हणजे व्यासही आणि जाडी म्हणजे सगळा ऐवजही. दुकानात 'जरा जाड सळी द्या' म्हणताना त्यानं काही बिघडत नाही. सारांशात मात्र त्या एका शब्दानं उत्तर दुपटीनं चुकलं. दोष त्याचा नाही, सरांचा नाही, मोबाइलचाही नाही. तीस वर्षं सळया तोडणाऱ्या माणसानं सोपं करायला जाऊन केलेली करामत.

'क्रॉस सेक्शनल एरिया' परत आणला, त्याच्या पूर्ण लांबीसकट. आता त्याच्याशेजारी लिहायला घरचं वाक्य हवं. स्वयंपाकघरात गेलो. तिथं कोशिंबिरीसाठी दोन काकड्या ठेवल्या होत्या, एक बारकी आणि एक तिच्या दुप्पट व्यासाची. दोन्ही आडव्या चिरल्या, एकेक चकती ताटलीत ठेवली. "ही चकती म्हणजे एरिया. काकडी किती लांब आहे त्याच्याशी संबंध नाही. आता मोठ्या चकतीवर लहान चकत्या किती बसतील ते बघ." त्यानं लहान काकडीच्या चकत्या काढून मांडून बघितल्या. चार अखंड काही बसेनात, गोलात गोल बसत नाही. शेवटी दोघांनी मिळून तुकडे करून फटी भरल्या आणि चार चकत्यांचा माल बरोबर संपला. बायको दारात उभी होती. तिनं ताटलीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "साकु आता." मराठीत रागावून भागत नाही असं वाटलं की ती कानडीत शिरते.

मग यील्डचं वाक्य लिहायला बसलो, आणि इथं मात्र नोकरी उपयोगी आली. सरांनी आलेख काढून दाखवला होता, तो टंकलेल्या मजकुरात कसा येणार? तिथं नुसतं 'हिअर यू कॅन सी' आणि 'धिस पॉइंट' एवढंच उरलं होतं. कुठला पॉइंट, देव जाणे. मी जे डोळ्यांनी बघायचो ते सांगितलं. सळी मशिनच्या जबड्यात धरली, ओढ सुरू केली की डायलचा काटा सरळ चढत जातो. तोवर सोडली तर सळी परत होती तेवढी होते. मग एका जागी काटा थबकतो. मशिन ओढतंच असतं, सळी लांबत असते, खरं काटा काही वर जाईना. सळीवरच्या काळ्या थराचे पापुद्रे सुटून खाली पडतात. ते यील्ड. त्यानंतर सोडली तरी ती थोडी आखडते, पहिल्याएवढी आखूड कधी होत नाही. ती तुटलेली नसते. पुढं काटा पुन्हा चढतो, सळीला एका जागी गळा पडतो, आणि मग धाडकन आवाज.

"आन् बिडाचं?" ओंकारनं विचारलं. त्याचे वडील हंगाम नसला की फाउंड्रीत जातात.

"बिडाला काटा थबकत नाही. चढता चढता तुटतं. सूचना नाही, पापुद्रे नाहीत, गळा नाही."

हे सरांच्या बावन्न मिनिटांत नव्हतं, म्हणून सारांशात घातलं नाही. खाली वेगळी रेघ मारून 'काकांचं' म्हणून लिहिलं, नाहीतर पोरगं पेपरात 'सर म्हणाले' म्हणून ठोकून देईल. यील्डपुढं लिहिलं: 'सळी पहिल्या लांबीवर परत यायचं सोडते ती जागा. माइल्ड स्टीलला सुमारे 250. पीक नव्हे. वेळ नव्हे.' आणि 12 च्या सळीला त्यासाठी किती गोण्या लागतील ते त्यालाच काढायला लावलं. 113 गुणिले 250, भागिले 9.81, भागिले शंभर. जवळपास एकोणतीस गोण्या आल्या. "आमच्या ट्रॅक्टरची ट्रॉली की वो," तो म्हणाला आणि पहिल्यांदाच त्याचा चेहरा समजल्यासारखा झाला.

दोन पानांचे साडेतीन पानं झाले होते आणि दुपारचे, खरोखरच, 2:50. जेवायला बसलो तर कोशिंबीर वजा होती. ओंकारनं कागद घडी घालून खिशात ठेवला, पाया पडला, चपला घातल्या आणि फाटकापाशी थांबला.

"काका, पुढच्या लेक्चरला 'बेंडिंग मोमेंट' हाय. म्हंजे वाकायचा क्षणच न्हवं?"

आतून बायकोचा आवाज आला, "काकडी संपलीय म्हणून सांगा त्याला."