साठातल्या चाळीस

एमडींच्या विमानाची वेळ अलीकडे आली आणि आमच्या प्रेझेंटेशनची चाळीस मिनिटं वीसवर आली. वेळ निम्मी, म्हणजे साठाच्या तीस स्लाइड, असं शाळेतलं गणित सांगतं. पण चाळीस मिनिटांत साठ ही मुळातच थाप होती. मिनिटाला एक धरली तर वीस, आणि त्यातही प्रश्नांना जागा नाहीच.

मागणी एकच होती: कास्टिंगची गळती तपासायला एअर लीक टेस्टर. सध्या आमच्याकडे हाऊसिंग पाण्याच्या टाकीत बुडवतात आणि ऑपरेटर बुडबुडे शोधतो. रात्रपाळीत, पहाटे चारला, धातूतल्या बारीक छिद्राचा, ब्लोहोलचा, बुडबुडा कोणाला दिसणार? टेस्टर हवेचा दाब किती उतरला ते मोजतो, त्याला झोप येत नाही. हे सांगून मशीनची किंमत आणि ती किती दिवसांत वसूल होईल, एवढं दाखवलं की काम झालं. ती किंमत होती स्लाइड चोपन्नवर! ती उचलून दोनवर आणली आणि बाकीच्यांना एकच प्रश्न विचारत गेलो: तू नसलीस तर मंजुरी अडेल का?

पहिल्या सात तिथेच गेल्या. त्यांत कंपनीच्या मालकाला त्याच्याच कंपनीची ओळख करून दिली होती. ‘का-का’ विश्लेषणाच्या पाच ‘का’ पाच स्लाइडवर होत्या, त्या एकीवर आल्या. कारणं मांडायच्या फिशबोन आकृतीतल्या माशाचे सगळे काटे काढून खरं कारण असलेला एकच ठेवला.

इथवर सोपं होतं. पुढे प्रत्येक स्लाइडला माणूस चिकटलेला. “माझी काढताय?” असं मेंटेनन्सच्या कुलकर्णींनी ज्या सुरात विचारलं, तो सूर लग्नाच्या पंगतीतून उठवलेल्या व्याह्याचा असतो. त्यांनी तोडगाही काढला. चार स्लाइडचा मजकूर एकीत कोंबला, अक्षर नऊ पॉइंटचं केलं आणि म्हणाले, “घ्या, तीन वाचल्या.” शब्द एकही वाचला नव्हता.

मग लपवून बघितल्या. पण Hide केलेल्या स्लाइडचा नंबर जात नाही. नऊनंतर पडद्यावर एकदम एकतीस उगवते आणि आपण काहीतरी दडवतोय असं वाटतं. म्हणून चाळिसही ‘धन्यवाद’च्या मागे नेऊन ठेवल्या. शो चालू असताना नंबर टाइप करून एंटर दाबलं की हवी ती समोर येते. कुलकर्णी बॅकअपमध्ये बसायला राजी झाले, मात्र “एकविसावा नंबर माझा” या अटीवर. नंबरांची चिठ्ठी खिशात घातली.

एमडी बसले. पहिली स्लाइड लागली. पॉवरपॉइंट एकूण स्लाइडचा आकडा आपोआप देत नाही, म्हणून कोणीतरी हौसेने तो सगळ्या स्लाइडच्या साच्यात, मास्टरमध्येच, हाताने लिहून ठेवला होता. कोपऱ्यात ठळक अक्षरांत: १/६०.

एमडींनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.