खड्ड्यापाशी म्हणायची प्रार्थना

जून-जुलैत वृक्षारोपणाच्या पत्रिका फिरायला लागल्या की त्यात हल्ली एक ओळ हमखास असते : 'सर्वधर्म प्रार्थना'. कल्पना चांगली आहे. प्रत्यक्षात मात्र मांडवात खुर्च्या, माईकवर पाच धर्मांचे पाच प्रतिनिधी, प्रत्येकाची पाच-सात मिनिटं, शेवटी पसायदान, आणि तोवर रोपं पिशव्यांसकट उन्हात. नंतर सगळे उठून खड्ड्याकडे जातात तेव्हा तिथे म्हणायला काही उरलेलं नसतं, फक्त फोटो काढायचे असतात. माझं म्हणणं एवढंच की ही प्रार्थना मांडवातून उचलून खड्ड्यापाशी न्यावी आणि लावणीच्या एकेका कृतीला तिची तिची ओळ जोडावी. अशा ओळी आपल्याकडच्या परंपरांमध्ये आहेत, आणि त्या कामाला इतक्या नेमक्या बसतात की बाहेरून काही आणावं लागत नाही.

पहिली कृती खणण्याची. अथर्ववेदाच्या बाराव्या कांडात ६३ ऋचांचं भूमिसूक्त आहे. त्यातलं 'माता भूमिः पुत्रो अहं पृथिव्याः' सगळ्यांना पाठ असतं, कारण ते बॅनरवर छान दिसतं. पण आपल्या कामाची ऋचा पस्तिसावी आहे :

यत्ते भूमे विखनामि क्षिप्रं तदपि रोहतु ।
मा ते मर्म विमृग्वरि मा ते हृदयमर्पिपम् ॥

हे भूमी, तुझ्यात मी जे खणतो ते लवकर भरून येवो; तुझ्या मर्माला, तुझ्या हृदयाला माझ्याकडून इजा न होवो. हातात कुदळ घेतलेल्या माणसानेच म्हणावी अशी ही ऋचा आहे. तिच्या जोडीला जैनांच्या प्रतिक्रमणातली गाथा ठेवावी : 'खामेमि सव्वजीवे, सव्वे जीवा खमंतु मे'. मी सगळ्या जीवांना क्षमा करतो, सगळे जीव मला क्षमा करोत. दीड फुटाच्या खड्ड्यातसुद्धा मुंग्यांची वारुळं, गांडुळं, अळ्या निघतात, तेव्हा ही क्षमा नुसती शोभेची नाही.

आता इथेच एक अडचण येते. खड्डे पावसाळ्यात काढायचेच नसतात. दीड बाय दीड बाय दीड फुटाचा खड्डा एप्रिल-मेमध्ये काढून तापू द्यायचा, वरची माती एका बाजूला आणि खालची मुरमाड माती दुसऱ्या बाजूला ठेवायची, आणि पहिल्या पावसानंतर वरच्या मातीत चांगलं कुजलेलं शेणखत मिसळून तो भरायचा. म्हणजे ही ऋचा खरं तर मे महिन्यातली. ती म्हणायला त्या दिवशी तिथे असतात ते खड्डे खणणारे मजूर, आणि त्यांना जुलैच्या कार्यक्रमाचं आमंत्रण नसतं. ज्यांना ही प्रार्थना मनापासून करायची आहे त्यांनी ती दोनदा करावी : मेमध्ये खणणाऱ्यांबरोबर एकदा, आणि लावणीच्या दिवशी भरलेल्या खड्ड्यात रोपापुरती जागा करताना पुन्हा. जेसीबीने एका दिवसात दोनशे खड्डे पाडायचे आणि मग 'मा ते मर्म' म्हणायचं, हे मला तरी पटत नाही.

दुसरी कृती पाण्याची. कलशात पाणी घेऊन 'गङ्गे च यमुने चैव गोदावरि सरस्वति' म्हणायची आपली पद्धत आहे. ती मोडायचं कारण नाही, पण तिथेच थांबू नये, कारण त्या श्लोकात आपल्या गावची नदी बहुधा नसते. समजा, लावणी नीरेच्या काठावरच्या एखाद्या गावात आहे. नीरा भोर तालुक्यातल्या सह्याद्रीत उगम पावते, नीरा नरसिंहपूरला भीमेला मिळते, भीमा पुढे कृष्णेला, आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. ही साखळी गावातल्या ओढ्यापासून सुरू करून मोठ्याने म्हणायची. ओढ्याचं नाव माहीत नसेल तर आधी जुन्या माणसांना विचारून घ्यावं. नकाशावर तो नुसती निळी रेघ असतो. कलशातलं पाणीही त्याच ओढ्याचं किंवा नदीचं घ्यावं. ते पाणी रोपाला घालण्याजोगं नसेल, तर तेही प्रार्थनेच्या वेळी सांगून टाकावं आणि मग टँकरचं वापरावं. याला जोडून शिखांच्या जपुजी साहिबच्या शेवटच्या सलोकाची पहिली ओळ : 'पवणु गुरू पाणी पिता माता धरति महतु'. वारा गुरू, पाणी पिता, धरती थोर माता. नांदेडमुळे मराठी माणसाला ही वाणी परकी नाही.

तिसरी कृती रोप खड्ड्यात ठेवण्याची, आणि इथे दोन वचनं फार जवळून बोलतात. पैगंबरांची एक हदीस सहीह बुखारीत आहे. तिचा आशय असा : मुसलमानाने झाड लावलं किंवा पेरणी केली आणि त्यातलं पक्ष्याने, माणसाने किंवा जनावराने खाल्लं, तर तो त्याच्याकडून सदका, म्हणजे दानच ठरतो. दुसरं वचन बौद्धांच्या पाली संयुत्त निकायातल्या वनरोप सुत्तातलं : 'आरामरोपा वनरोपा, ये जना सेतुकारका'. बागा लावणारे, वनं लावणारे, पूल बांधणारे, पाणपोया आणि विहिरी देणारे, त्यांचं पुण्य दिवसरात्र वाढत राहतं. दोन्हीकडे झाड लावणं हे दुसऱ्याला खाऊपिऊ घालण्याच्या रांगेत बसवलंय. म्हणून या वेळी हातात असलेलं रोप उंबराचं किंवा जांभळाचं असावं. नदीकाठाला ही झाडं मानवतातही. गुलमोहर हातात धरून 'पक्षी खातील' म्हणणं जरा विनोदी होतं.

ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायातली ओवीही इथलीच : 'जो खांडावया घावो घाली । कां लावणी जयानें केली । दोघां एकचि साउली । वृक्षु दे जैसा ॥' माती ओढून झाल्यावर, सगळे खाली बसलेले असतानाच ती म्हणावी.

हे सगळं एकत्र आणताना खरा पेच निराळाच आहे. यातली प्रत्येक परंपरा वेगळ्या कुणाशी तरी बोलते. भूमिसूक्त भूमीलाच हाक मारतं. मुसलमान, ख्रिस्ती आणि ज्यू प्रार्थना निर्मात्याशी बोलतात; धरती ही त्यांच्या लेखी निर्मिलेली गोष्ट आहे, तिच्यापुढे नमस्कार करायला लावलं की ते अवघडून गप्प उभे राहतात. पाली वचन कुणालाच उद्देशून नाही. त्यामुळे सगळ्यांनी सगळं एका सुरात म्हणायचा आग्रह सोडावा. ज्याची परंपरा त्याने म्हणावी, लगेच एका वाक्यात मराठी अर्थ सांगावा, बाकीच्यांनी ऐकावं. म्हणणारा त्या परंपरेतला कुणी नसेल तर ते वचन मराठीतच वाचावं, उसन्या उच्चारांची कसरत नको. ख्रिस्ती मंडळी असतील तर १०४ वं स्तोत्र त्यांना विचारून घ्यावं. त्यात परमेश्वराच्या झाडांना भरपूर पाणी मिळतं आणि पक्षी त्यांत घरटी करतात असं आहे. आदिवासी पाड्यावर कार्यक्रम असेल तर हिरव्या देवाचं गाणं मोबाईलवर ऐकून मंचावर म्हणू नये. तिथल्या भगताला विचारावं, आणि तो नको म्हणाला तर विषय संपला.

आणि तो 'रेड इंडियन सरदार सिअ‍ॅटलचं पत्र' म्हणून फिरणारा उतारा कृपया गाळा. त्याचं आज सगळीकडे वाचलं जाणारं रूप टेड पेरी या अमेरिकी पटकथालेखकाने १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला एका चित्रपटासाठी लिहिलेलं आहे. प्रार्थनेत तरी दुसऱ्याच्या तोंडी न बोललेलं घालू नये.

सगळ्यांनी मिळून म्हणायला मात्र एक साचा आपल्याकडे तयार आहे : कोकणातलं गाऱ्हाणं. एकजण बोलतो, बाकीचे प्रत्येक मागणीला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. त्यातला महाराजा ग्रामदेव आहे, म्हणून उत्तर तेवढं बदलायचं : 'होय, राखू.' देव मानणारा, न मानणारा, कुणाचाही आवाज त्यात बसतो. मजकूर साधारण असा :

या ओढ्याचं पाणी नीरेला जातं, नीरेचं भीमेला, भीमेचं कृष्णेला. वर आम्ही जे सोडू ते खाली कुणाच्या तरी ओंजळीत जाईल. — होय, राखू.
ही माती खणली, ती झाकून ठेवू, उघडी धुपू देणार नाही. — होय, राखू.
हे झाड उंबराचं. याचं पहिलं फळ पाखरांचं. — होय, राखू.
तीन उन्हाळे याला पाणी देऊ. मेलं तर लपवणार नाही, दुसरं लावू. — होय, राखू.

आता वेळेचं गणित. शंभर रोपं आणि ऐंशी माणसं धरा. चार-चार जणांचे वीस गट, प्रत्येकाला पाच रोपं. प्रार्थना फक्त पहिल्या रोपाबरोबर, सगळे आपापल्या खड्ड्यापाशी उभे असताना. माईक नको, दमदार आवाजाचा एक माणूस मध्ये पुरतो. सगळं मिळून आठ-दहा मिनिटांत व्हायला हवं. उरलेली चार रोपं ज्याने त्याने गप्पा मारत लावावीत.

रोपं तोवर सावलीत, पिशव्या आदल्या संध्याकाळी भिजवलेल्या. पिशवी ब्लेडने उभी चिरायची ती पाण्याची ओळ संपल्यावर, आधी नाही. पिशवी काढून रोप हातात धरलं आणि कुणी भाषण सुरू केलं तर बाहेरची केसासारखी मुळं उन्हावाऱ्याने काही मिनिटांतच सुकतात. वरून काही दिसत नाही. आठवड्याने पानं माना टाकतात आणि आपण पावसाला दोष देतो. तळाशी मुळं गोल वेटोळं होऊन बसली असतील तर तेवढी कापून टाकावीत, नाहीतर झाड वाढतं पण जमीन धरत नाही, आणि काही वर्षांनी वादळात उपटून पडतं. हे तपासायला अर्धं मिनिट लागतं. त्या अर्ध्या मिनिटात कुणी काही म्हणू नये, बघावं.

पूजेच्या वस्तूंबद्दल दोन शब्द. हळद-कुंकवाचं बोट लागलं तर झाडाचं काही बिघडत नाही. पण खोडाला बांधलेला दोरा बिघडवतो. अंगठ्याएवढं खोड मनगटाएवढं झालं की नायलॉनचा दोरा सालीत रुततो, काच बसतो आणि वरचा भाग वाळतो. बांधायचाच तर सुती दोरा, तोही आधाराच्या काठीला. 'पंचगव्य' म्हणून ओलं शेण खड्ड्यात टाकू नये. कच्च्या शेणाने हुमणी आणि वाळवीला बोलावणं जातं.

गाऱ्हाण्यातल्या शेवटच्या ओळीचं काय झालं ते पुढच्या जूनमध्ये कळतं. शंभरातली किती रोपं गेली ते मोजायचं आणि त्यांच्या जागी नवी लावायला, म्हणजे नांग्या भरायला, त्याच गटांना बोलवायचं. त्या दिवशी आधी गेलेल्या रोपांचा आकडा गटवार मोठ्याने वाचावा. मग पुन्हा तेच गाऱ्हाणं म्हणावं, आणि ते म्हणण्याचा पहिला मान ज्या गटाची सगळी रोपं मेली त्यांना द्यावा.