वॉकथ्रू केबिनमध्येच उरका

बेळगावच्या उद्यमबागेत तुमची फाउंड्री आहे, मार्च उलटलाय आणि सीएंकडचा आर्टिकल मुलगा वही घेऊन आलाय. त्याला म्हणे 'वॉकथ्रू' करायचाय. म्हणजे एक ऑर्डर धरायची आणि ती आल्यापासून तिचे पैसे जमा होईपर्यंत तिच्या मागे मागे जायचं. घाबरू नका. त्याला केबिनमध्ये बसवा, कुंद्याची बशी पुढे सरकवा आणि उठूच देऊ नका.

ऑर्डर कोणती दाखवायची, हे तुम्हीच ठरवा. सगळ्यात मोठ्या पार्टीची फाइल काढा. पीओ, चलन, काटा पावती, इनव्हॉइस, ई-वे बिल, एनईएफटी, सगळं एका टाचणीत. पोरगं खूश होईल आणि वहीत चौकोन काढून बाण जोडेल. त्यानं चुकून काकतीच्या वर्कशॉपवाल्याची ऑर्डर मागितली, तर ती फाइल वरच्या माळ्यावर आहे म्हणून सांगा.

माल गेटबाहेर जाईपर्यंतचा भाग त्याला बिनधास्त पाहू द्या. तिथं माणसं वेगवेगळी आहेत. काट्यावर एक, गेटवर दुसरा, बिलाला तिसरा. शिनोळीला गाडी गेली तर राज्याची हद्द ओलांडली, म्हणून आयजीएसटी लागतो. त्यात चूक झाली तर पार्टीच बोंब मारते. खरी गंमत पुढे आहे, वसुलीत. तिथं तुमचा जुना विश्वासू माणूस एकटाच बसतो. पैसे तोच घेतो, खात्याला तोच चढवतो, पार्टीची बाकी कमी करणारी क्रेडिट नोटही तोच काढतो. तिघांचं काम एक जण करतो म्हणून दर दिवाळीला तुम्ही त्याचं कौतुक करता. करत राहा.

समजा, काकतीवाला सोमवारी 40 हजार रोख देऊन गेला. ते तुमच्या माणसाच्या खिशात गेले. गुरुवारी शिनोळीच्या पार्टीचे 60 हजार बँकेत आले. त्यातले 40 काकतीच्या खात्याला जमा दाखवले, उरलेले 20 शिनोळीला. पुढच्या आठवड्यात खानापूरहून 75 हजारांचा चेक आला. त्यातले 40 शिनोळीला, 35 खानापूरला. खड्डा 40 हजारांचाच, फक्त दर आठवड्याला वेगळ्या पार्टीच्या दारात. कुणाचीच उधारी फार जुनी होत नाही, त्यामुळे तगाद्याचा फोनही जात नाही.

बँकेचा मेळ मात्र पैशापैशाला बसतो. 60 आले, 60 जमा झाले, बेरीज बरोबर! म्हणून पोराला मेळाची फक्त बेरीज दाखवा. बँकेच्या उताऱ्यात एनईएफटीसमोर पार्टीचं नाव छापलेलं असतं, ते नाव आणि टॅलीतलं खातं ओळीला ओळ लावून बघायचं त्याला सुचू देऊ नका. काकतीवाल्याला दिलेल्या पावतीवर सोमवार आणि खात्यात जमा गुरुवारी, ही तफावतही नको. पार्टीला थेट बाकी विचारणारं पत्र पाठवायचं म्हणाला, तर ते तुमच्या विश्वासू माणसाच्याच हाती द्या. तो टाकेल की पोस्टात.

आणि हो, त्या विश्वासू माणसाला रजा देऊ नका. ही साखळी रोज हातानं फिरवावी लागते. घरचं लग्न असलं तरी दुपारी येऊन जातो बिचारा. त्याला तुम्ही निष्ठा म्हणता.

पण साखळी कधीतरी मिटवावी लागतेच. त्यासाठी आपल्या धंद्यात देवानं रिजेक्शन दिलंय. ब्लो होल निघाले, माल परत आला, 40 हजारांची क्रेडिट नोट. जीएसटीसकट काढली तर ती पोर्टलवर पार्टीला दिसते आणि 'आम्ही कधी माल परत केला?' असा फोन येतो. म्हणून जीएसटी न लावता काढायची. पार्टीला पत्ता नाही, तुमची सही तर आधीच घेतलेली, कोऱ्या पुस्तकावर, गडबडीच्या दिवशी.

आता एकच अडचण राहते. ओतकामाचा दर किलोला 100 रुपये धरला तर 400 किलो लोखंड परत यायला हवं. ते गेटच्या आवक रजिस्टरला लागतं, काट्यावर चढतं, मग भंगारात पडून भट्टीत जातं. गेटवरचे मामा रजिस्टर कन्नडात लिहितात, त्यामुळे हिशेबखात्यानं ते आजवर उघडलेलं नाही. पोरगं मात्र बेळगावचंच निघालं, शाळेत कन्नड शिकलेलं, आणि कुंदा संपवून हात धुवायला म्हणून गेटपर्यंत गेलं, तर? मामा पान उलटून सांगतील, त्या तारखेला परतीची गाडी आलीच नाही.

मामांचा नंबर वाढलाय म्हणा. येत्या रविवारी त्यांना चष्म्याला घेऊन जा.