‘पाच मिनिटांत भेसळ ओळखा’: या फॉरवर्डमधलं किती खरं?

“दूध शुद्ध आहे का ते घरीच पाच मिनिटांत कळतं. थेंब ओघळला तर पाणी. हलवून फेस आला तर डिटर्जंट. तुरीची पावडर घालून लिटमस निळा झाला तर युरिया. साय रबरासारखी ताणली तर प्लास्टिक. लॅक्टोमीटरवर २८च्या वर डिग्री आली तर बिनधास्त प्या.”

थेंब. थेंब किती वेगाने ओघळतो, हे फॅटवर आणि दूध किती गार आहे यावरही ठरतं. डबल टोन्ड दुधात नियमानेच फॅट १.५ टक्का असतं, ते भेसळ नसतानाही झरझर ओघळणार. उलट म्हशीच्या दाट दुधात थोडं पाणी घातलेलं असलं तरी थेंब रेंगाळतो. निम्मं पाणी असेल तर ही चाचणी पकडेल, पण तेवढं तर जिभेलाही कळतं.

लॅक्टोमीटर. हा फक्त घनता मोजतो. पाणी घातलं की डिग्री उतरते, साय काढली की चढते, कारण फॅट पाण्याहून हलकं असतं. दोन्ही केलं की हिशेब जुळतो. सगळी साय काढलेल्या दुधाची डिग्री ३६च्या आसपास असते. त्याच्या ८०० मिलीत २०० मिली पाणी घाला, डिग्री २९च्या जवळ येईल, म्हणजे थेट गाईच्या चांगल्या दुधाइतकी. साखर किंवा मीठ घालूनही डिग्री चढवता येते. म्हणून डेअरीत डिग्रीसोबत फॅटही बघतात. घरी वापरायचाच तर दूध लॅक्टोमीटरवर छापलेल्या तापमानाला आणून मोजा. फ्रिजमधल्या गार दुधाची डिग्री जास्तच दिसते.

फेस. शुद्ध दूधही फेसाळतं, ते प्रथिनांमुळे. दूध आणि पाणी समप्रमाणात, प्रत्येकी १० मिली, बाटलीत घालून जोरात हलवा. दुधाचा फेस पातळ थर धरतो, डिटर्जंटचा दाट असतो आणि टिकतो. फरक डोळ्यांत बसावा म्हणून त्याच दुधाच्या दुसऱ्या नमुन्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकून तुलना करा (ते मग ओतून द्या). डिटर्जंट अगदी थोडं असेल तर ही चाचणी चुकते.

युरिया. ही चाचणी खरी आहे, एफएसएसएआय या केंद्राच्या अन्न नियामक संस्थेच्या पुस्तिकेतही आहे. पण फॉरवर्डने तिचं कामाचं सगळं गाळलंय. चमचाभर दुधात अर्धा चमचा सोयाबीनची किंवा तुरीची पावडर घालून हलवायचं, पाच मिनिटांनी लाल लिटमसचा कागद बुडवून अर्ध्या मिनिटाने काढायचा. पावडरीतलं युरीएज हे एन्झाइम युरियाचं विघटन करून अमोनिया सोडतं, त्याने कागद निळा होतो. पावडर कच्च्या दाण्याचीच हवी. भाजलेल्या डाळीतलं युरीएज उष्णतेने मेलेलं असतं, मग कितीही युरिया असो, कागद लालच राहतो. त्यामुळे आधी दुसऱ्या वाटीतल्या दुधात कुंडीच्या खताच्या युरियाचे चार दाणे विरघळवून पावडर चालते का ते बघा (हेही दूध फेकून द्या).

दुसरी अडचण सोड्याची. आंबू लागलेलं दूध खपवायला त्यात सोडा टाकतात आणि त्यानेही कागद निळसर होऊ शकतो. म्हणून पावडर घालण्याआधी एक कागद नुसत्या दुधात बुडवा. तो आधीच निळा झाला तर संशय युरियावर नाही, सोड्यावर. आणि युरिया दुधात मुळातच असतो. १०० मिलीला ७० मिलिग्रॅमपर्यंत नियमात चालतो. नमुना तासभर तसाच ठेवून मग कागद बुडवलात तर या नैसर्गिक युरियानेही फसाल. उलट भेसळ थोडी असेल तर सुटणारा अमोनिया दूधच पचवून टाकतं आणि कागद लाल राहतो. निळा कागद म्हणजे पुढच्या तपासणीचं कारण, लाल कागद म्हणजे शुद्धतेचा दाखला नव्हे.

रबरी साय. दूध किंचित आंबलं असताना तापवलं की त्यातलं केसीन हे प्रथिन चिकटून ताणलं जातं. मोझरेला चीज असंच बनतं. प्लास्टिकचा इथे संबंध नाही.

फॉरवर्डमध्ये नसलेली, पण घरी सगळ्यात भरवशाची चाचणी स्टार्चची. २-३ मिली दुधात ५ मिली पाणी घालून उकळा, पूर्ण गार करा, टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाका. निळं झालं तर स्टार्च आहे. गार करणं टाळू नका, गरम असताना हा निळा रंग टिकत नाही. स्टार्चपासूनच बनणारं माल्टोडेक्स्ट्रिन मात्र हिलाही चकवा देऊ शकतं.

एफएसएसएआयच्या २०१८च्या देशव्यापी पाहणीत ६,४३२ नमुन्यांपैकी भेसळीचे १२ निघाले. अफ्लाटॉक्सिन एम१ हे बुरशीचं विष मर्यादेबाहेर सापडलं ते ३६८ नमुन्यांत. बुरशी लागलेल्या चाऱ्या-पेंडीतून ते दुधात उतरतं, उकळून जात नाही आणि वरच्या एकाही चाचणीत दिसत नाही. अँटिबायोटिकचे अंशही या चाचण्यांत दिसत नाहीत.

संशय पक्का असेल तर अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० नुसार ग्राहक स्वतः शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून दूध तपासून घेऊ शकतो. अट एकच: ‘हे तपासणीला देणार आहे’ असं विक्रेत्याला खरेदीच्या वेळीच सांगावं लागतं.