तक्ता उघडू नका, सही करा

फेब्रुवारीचं पगारबिल जवळ आलं की मुख्याध्यापकांच्या टेबलावर आयकराचे तक्ते जमा होतात. आहरण व संवितरण अधिकारी म्हणून तुमची सही त्यावर लागते. ती कुठे करायची हे बरोब्बर माहीत असावं म्हणून सगळे जण तक्ता शेवटच्या पानावर दुमडूनच देतात. तो उलगडू नका. आत आकडे असतात आणि आकडे बघितले की प्रश्न पडतात.

तरीही वरून कुणी विचारलं, ‘तपासलं का?’, तर सांगायला काहीतरी हवं. त्यासाठी 2025-26 या आर्थिक वर्षाचा, नव्या करप्रणालीतला एक तक्ता समोर धरू. जिल्हा परिषद शाळेतले एक ज्येष्ठ शिक्षक. वर्षाचा एकूण पगार 13,10,000 रुपये, त्यातलं मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून 11,50,000. सरांना एनपीएस लागू आहे.

पहिली सूचना पगाराच्या बेरजेबद्दल. सरकारी पगारात मार्चचा पगार एप्रिलमध्ये होतो, म्हणून करासाठी मार्च ते फेब्रुवारी असे बारा महिने धरतात, हे सगळ्यांना पाठ आहे. तेवढं पाठ असलं की पुढे बघायची गरज नाही. बारा बिलांची बेरीज करा आणि थांबा. मध्येच महागाई भत्त्याच्या फरकाचं वेगळं बिल निघालं होतं, समजा 22,000 रुपयांचं, ते पैसे सरांच्या खात्यात जमाही झाले, पण ते मासिक बिलात नसल्यामुळे तुमच्या बेरजेत येत नाही. न आलेलं बरं. बँकेचं पासबुक आणि बिलांचं रजिस्टर शेजारी ठेवून ताळा जमवणं हे कुणाला तरी उगाच अडचणीत आणण्यासारखं आहे.

आता हे 22 हजार राहिल्याने काय बिघडतं? खरं उत्पन्न 13,10,000. त्यातून प्रमाणित वजावट 75,000 गेली की 12,35,000 उरतात. फरकाचं बिल विसरलात तर उरतात 12,13,000. पहिल्या आकड्यावर उपकरासह कर येतो 36,400 आणि दुसऱ्यावर 13,520. म्हणजे 22,000 रुपये विसरले आणि कर 22,880 ने कमी झाला. उत्पन्नापेक्षा कर जास्त कसा पडला, असं कुणी विचारलं तर उत्तर पुढे आहे. तुम्ही मात्र तिथवर वाचायचं नाही.

खरी कलाकुसर एनपीएसमध्ये आहे. सरांच्या पगारातून 10 टक्के, म्हणजे 1,15,000 कापले जातात. शासन आपल्या बाजूने 14 टक्के, म्हणजे 1,61,000 भरतं. नव्या प्रणालीत सरांच्या 1,15,000 ला वजावट नाही; शासनाच्या 1,61,000 ला कलम 80सीसीडी(2) खाली आहे. अट एवढीच की ते 1,61,000 आधी पगारात मिळवलेले असले पाहिजेत. मिळवा आणि वजा करा, हिशेब जिथल्या तिथे: 13,10,000 अधिक 1,61,000, त्यातून 75,000 आणि 1,61,000 वजा, पुन्हा 12,35,000. एवढी यातायात करून आकडा तोच येत असेल तर मिळवण्याचा कंटाळा कुणालाही येणार. म्हणून बरेच तक्ते फक्त वजा करतात. 13,10,000 मधून दोन्ही वजावटी गेल्या की उत्पन्न 10,74,000 होतं, बारा लाखांच्या आत येतं, सूट लागते आणि कर शून्य. सर खूश, तुम्ही खूश. 36,400 रुपये कुठे गेले ते तक्त्यात कुठेच दिसत नाही आणि हाच या चुकीचा गुण आहे.

सरांचे स्वतःचे 1,15,000 वजा केले तरी तोच चमत्कार होतो: 11,20,000, कर शून्य. दोन वेगळ्या चुकांचं उत्तर एकच आलं की ते उत्तर बरोबर असणार, असं समजायला हरकत नाही. उलट, जो तपासायचाच असा हट्ट धरतो तो काय करतो बघा. पगारपत्रकात शासनाचा हिस्सा एकूण पगारात धरलाय की नाही हे आधी शोधतो. धरला असेल तर तेवढीच रक्कम वजावटीत आहे का बघतो. एका बाजूला असून दुसऱ्या बाजूला नसली तर तक्ता परत करतो. अशा माणसाला चहा कुणी विचारत नाही.

व्यवसायकराचे 2,500 रुपयेही जाता जाता वजा करून टाका. जुन्या प्रणालीत ते मिळतात, नव्यात मिळत नाहीत. पण गेल्या पाच वर्षांत ती ओळ तक्त्यात होती, मग यंदा काढायची कशाला?

टप्प्यांची गोष्ट सोपी आहे. चार लाखांपर्यंत काही नाही, चार ते आठ लाखांवर 5 टक्के, आठ ते बारावर 10 टक्के, बारा ते सोळावर 15 टक्के. पुढे 20, 25, 30 आहेत, पण सर तिथवर पोचत नाहीत. 12,35,000 वर 20,000 अधिक 40,000 अधिक वरच्या 35,000 चे 5,250, असे 65,250 होतात. तुम्ही मात्र मागच्या वर्षीची एक्सेल फाईल उघडा, वर 2024-25 चं 2025-26 करा आणि छापा. त्या फाईलमध्ये टप्पे तीन, सात, दहा, बारा आणि पंधरा लाखांचे आहेत, त्यामुळे याच उत्पन्नावर 87,000 येतील. फाईल जुनी आहे की नवी हे ओळखायचं असतं त्यांच्यासाठी एक खूण आहे: उत्पन्नाच्या रकान्यात बरोबर बारा लाख टाकले की टप्प्यांचा कर 60,000 यायला हवा. 80,000 आला तर फाईल गेल्या वर्षाची. एका मिनिटाचं काम आहे, म्हणूनच करू नका.

मग येते सूट, कलम 87ए. उत्पन्न बारा लाखांपर्यंत असेल तर 60,000 पर्यंतचा कर माफ. सरांचं उत्पन्न बारा लाखांच्या वर आहे, तेव्हा सूट नाही, पूर्ण 65,250 कापा, वर उपकर 2,610, एकूण 67,860. सर कुरकुरले तर सांगा, ‘सर, कायदा आहे.’ कायद्यात पुढचं वाक्यही आहे, ते सांगू नका. बारा लाखांच्या वर जेवढं उत्पन्न, त्याहून जास्त कर लागत नाही. सर 35,000 ने वर आहेत, म्हणून कर 35,000 वर थांबतो; 30,250 सुटतात. यालाच सीमांत सवलत म्हणतात. ती साधारण 12,70,588 रुपयांपर्यंत पुरते, कारण तिथे टप्प्यांचा कर आणि बारा लाखांवरचं उत्पन्न सारखं होतं. त्यापुढे टप्प्यांचाच कर.

या पट्ट्यात बसलेल्या माणसाचा प्रत्येक रुपया हिशेबात बरोबर लागतो, ही त्याची गंमत. एक रुपया जास्त दाखवला की कर एक रुपयाने वाढतो, वर चार पैसे उपकर. म्हणून 22,000 चं बिल विसरलं की 22,880 बुडतात आणि व्यवसायकराचे 2,500 चुकून वजा झाले की 2,600. बारा लाखांच्या आतल्या शिक्षकाच्या तक्त्यात अशीच चूक झाली तर सूट असल्यामुळे कर शून्यच राहतो, निभावतं. इथे निभावत नाही. त्यामुळे ज्यांचं करपात्र उत्पन्न बारा ते पावणेतेरा लाखांत आहे त्यांचे तक्ते गठ्ठ्याच्या तळाशी घाला, म्हणजे शेवटच्या दिवशी घाईत सही होईल.

एक्सेलच्या रकान्यात तुम्ही चुकून क्लिक केलंत आणि हे दिसलं, तर लगेच दुसऱ्या रकान्यावर जा:

```
=IF(B20<=1200000,0,B21)
```

इथे B20 म्हणजे करपात्र उत्पन्न आणि B21 म्हणजे टप्प्यांचा कर. सीमांत सवलत यात नाही. ती हवी असेल तर असं असायला हवं:

```
=IF(B20<=1200000,0,MIN(B21,B20-1200000))
```

परीक्षा घ्यायची तर B20 मध्ये 1200010 टाकतात. बरोबर सूत्र 10 रुपये दाखवतं, चुकीचं साठ हजारांवर उडी मारतं. उत्पन्न दहा रुपयांनी वाढलं आणि कर साठ हजारांनी, हे डोळ्यांना खुपतं. म्हणून गोल आकडे टाकून तपासा, खुपणार नाही.

उपकर चार टक्के. तो सूट आणि सवलत गेल्यावर उरलेल्या करावर लागतो: 35,000 वर 1,400. तुम्ही तो 65,250 वर लावा, 2,610 येतील. सरांचे 1,210 रुपये जास्त गेले तर जातील, विवरणपत्र भरून परतावा मागतील. शून्य कराच्या तक्त्यातही उपकर छापून आलेला दिसला तर त्याला योगायोग समजा.

शेवटी सर म्हणतीलच, ‘मी विमा भरलाय, घराचं कर्ज आहे, त्याचं काय?’ जुनी प्रणाली दाखवून त्यांचं समाधान करा. तिथे प्रमाणित वजावट 50,000, व्यवसायकर 2,500, 80सी च्या छत्राखाली 1,50,000, एनपीएसचे आणखी 50,000, आरोग्य विमा 25,000 आणि कर्जाचं व्याज पूर्ण दोन लाख धरलं तर करपात्र उरतात 8,32,500 आणि उपकरासह कर होतो 82,160. नव्यात 36,400. पण पावत्यांचा जाड गठ्ठा त्यांनी वर्षभर सांभाळलाय, तो वाया कसा जाऊ द्यायचा? जुनीच निवडू द्या. त्यातही उत्तम म्हणजे वजावटी जुन्या प्रणालीच्या आणि टप्पे नव्या प्रणालीचे, एकाच तक्त्यात. असे तक्ते दिसतात, सुंदर दिसतात आणि त्यात कर हमखास शून्य येतो.

कर कमी कापला गेला असेल तर फेब्रुवारीच्या बिलात दुरुस्त करता येतो, वर्षाच्या आत तेवढी मुभा आहे. ती वापरू नका, त्या महिन्यात सरांच्या हातात पगार कमी पडतो आणि ते तुमच्याशी बोलायचे बंद होतात. पुढे 24Q भरलं जाईल, फॉर्म 16 निघेल आणि न कापलेल्या रकमेवर महिन्याला 1 टक्का व्याजाची नोटीस येईल. ती सरांच्या पॅनवर येत नाही, तुमच्या कार्यालयाच्या टॅनवर येते. सरांनी विवरणपत्रात स्वतः कर भरला असेल तर मूळ रकमेतून तुमची सुटका होऊ शकते, त्यासाठी सीएकडून फॉर्म 26A लागतो. तोवरचं व्याज मात्र तुमच्याचकडे राहतं. ते चलन कार्यालयाच्या सादिलवारातून टाकता येतं का, हे आधी लेखा विभागाला विचारून घ्या. उत्तर लेखी मागू नका.