उष्टावणाच्या कॅप्शनबद्दल: 'फोटो बोलतो की' म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

*"ताई, उष्टावणाच्या एका फोटोला एवढी लांब कॅप्शन? फोटो बोलतो की. 'आशीर्वाद असू द्या' एवढं पुरतं. कोण कुणाच्या मांडीवर बसलं आणि वाटीत काय होतं हे वाचायला रिकामटेकड्या बायकांशिवाय कुणाला वेळ आहे? घरातल्या गोष्टींचं प्रदर्शन कशाला? आणि मामानेच भरवायचं हे कुठून काढलंत? आमच्याकडे आजोबा भरवतात."*

'ताई' म्हणून सुरुवात करायची आणि चौथ्या वाक्यात घरातल्या बायकांना रिकामटेकड्या म्हणायचं, ही कुठली रीत? त्या दिवशी पहाटे उठून तांदूळ धुऊन वाळवणारी, पाटाभोवती रांगोळी काढणारी, पन्नास पानं वाढणारी बाईच रात्री ती कॅप्शन लिहिते. मतभेद जरूर मांडा, पण हा शब्द मला लागला आणि तो मी सोडून देणार नाही.

एक मान्य करते. उष्टावणाच्या फोटोला कॅप्शन कशी लिहावी, या माझ्या मूळ लेखातल्या नमुन्याखाली मी जे हॅशटॅग दिले होते, त्यांची घरच्या ग्रुपवर गरज नव्हती. ते काढले.

आता 'फोटो बोलतो' याबद्दल. लग्नानंतर काही वर्षं मी मस्कतला होते. माझ्या भाचीचं उष्टावण तेव्हाच झालं. मुहूर्त इथल्या साडेदहाचा, म्हणजे तिथे सकाळचे नऊ, ऑफिसात हजेरी लावायची वेळ. व्हिडिओ कॉल घेता आला नाही. दुपारी फोटो आला, खाली तुम्हाला पुरते तीच ओळ. फोटोत बाळाचा रडवेला चेहरा, एक चांदीचा चमचा आणि मनगटापर्यंतचा एक हात. हात कुणाचा? माझ्या भावाचा की आमच्या काकांचा? आई जवळ होती का? रडली ती खिरीला की गर्दीला? मी ग्रुपवर विचारलं, तर उत्तरादाखल अंगठे आले. त्या फोटोने मला काहीच सांगितलं नाही, हे मी अनुभवाने सांगते. तुम्ही कधी असे लांब राहिला आहात का, मला माहीत नाही.

उष्टावणाचा फोटो बहुतेक वेळा घासाच्याच क्षणी काढला जातो. त्याआधीचं औक्षण, मांडीवर घेणं, त्यानंतर पाटावर वस्तू मांडणं, हे सगळं चौकटीबाहेर राहतं. आणि घराघराची रीत नेमकी तिथेच असते. घरच्या संस्कारांचे विधी सांगणाऱ्या आश्वलायन गृह्यसूत्रात 'षष्ठे मास्यन्नप्राशनम्', म्हणजे सहाव्या महिन्यात अन्न भरवावं, एवढं आहे, पुढे दही, मध, तूप मिसळलेलं अन्न द्यावं असं आहे. मामाचा उल्लेख नाही. मुलींचं उष्टावण पाचव्या-सातव्या अशा विषम महिन्यात करायचं ते मुहूर्ताच्या ग्रंथांतून आलं, पण मामा आला तो लोकाचारातून. पोथीत नसलेली गोष्ट कुणीतरी सांगितली तरच पुढे जाते. लेखात मी 'आमच्याकडे' असंच लिहिलं होतं, ते तुम्ही वाचलेलं दिसत नाही. मामाचा विषय माझ्यापुरता इथे संपला.

आता नमुना बघा. गेल्या वर्षी आमच्याच नात्यातल्या एका घरासाठी मी हा लिहून दिला होता. बाळाचं पाळण्यातलं नाव मुद्दाम घातलेलं नाही, घरातलं लाडाचं नाव पुरतं.

*"चिऊने आज पहिली खीर चाखली! सातवा महिना, वाईच्या घरी.*
*मांडीवर घेतलंय तिच्या मामाने. कुंभार्ली घाट चढून चिपळूणहून आला. वाटी-चमचा वाईच्या आजीचा, चिऊच्या बाबाचं उष्टावणही याच वाटीतून झालं होतं.*
*आधी दोन्ही आज्यांनी ओवाळलं. निरांजनाकडे टक लावून बघत होती.*
*खीर तांदळाची. मध घातला नाही, डॉक्टरांनी वर्षापर्यंत नको सांगितलंय. पहिला घास बाहेर काढला, दुसऱ्याला स्वतःहून तोंड उघडलं.*
*नंतर वही, बांगडी आणि माती पुढे ठेवली. तिने वही ओढली.*
*व्हिडिओत मागे श्लोक म्हणतेय ती चिपळूणची आजी."*

यातली प्रत्येक ओळ कुणासाठी तरी आहे. पहिल्या ओळीत बातमी पूर्ण आहे, कारण लांब मजकूर आला की मोबाइल पहिल्या काही ओळी दाखवून पुढचं झाकतो. घाईत असलेला तुमच्यासारखा माणूस तिथेच थांबू शकतो, त्याच्यावर सक्ती नाही. 'सातवा महिना' हे दोन शब्द वाचले की थोरल्या बायकांना कळतं की महिना बघून केलंय, त्यांना वेगळं विचारावं लागत नाही.

'आजीने ओवाळलं' एवढंच लिहिलं तर घोटाळा होतो. बाळाला दोन आज्या, त्यातून चुलत आज्या वेगळ्या. आणि वाचणाऱ्याच्या लेखी ती आजी नसतेच. कुणाची ती वहिनी, कुणाची मावशी. म्हणून नातं नेहमी बाळाकडून मोजायचं आणि त्याला गाव जोडायचं. वाईची आजी, चिपळूणची आजी. आपल्याकडे घरात असंच बोलतात, तेच लिहायचं. 'मामा' एकटा शब्द टाकलात तर न्यू जर्सीतल्या चुलतभावाला स्वतःचा मामा आठवतो. 'तिच्या मामाने' म्हटलं की शंका राहत नाही.

मधाची ओळ तर मी कधीच गाळणार नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना उष्टावणात मध हवाच असतो. पण वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये. मधात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात, ते तान्ह्या आतड्यात वाढून विष तयार करतात, त्याला बॉट्युलिझम म्हणतात. मध उकळत्या खिरीत घातला म्हणूनही ते बीजाणू मरतीलच असं नाही. बाळ मलूल होतं, दूध ओढत नाही, शौचाला खडा होतो. हे सगळं त्या दिवशी बाळाच्या आईने प्रत्येक फोनवर समजावत बसायचं का? कॅप्शनमधल्या एका ओळीने तिची ती दुपार वाचते, आणि लांब बसलेली एखादी भाची स्वतःच्या बाळालाही मध चाटवत नाही.

शेवटची ओळ आवाजाची आहे. व्हिडिओत जी माणसं दिसत नाहीत पण ऐकू येतात, ती लिहिली नाहीत तर हरवतात. वाईच्या घरी ती आजी कॅमेऱ्याच्या मागे उभी होती, एकाही फोटोत नव्हती.

आणि हे वाचतं कोण, तर बरेचदा कुणीच नाही, ते ऐकलं जातं. आमच्या एका आत्याची दोन्ही डोळ्यांची नजर अधू आहे. तिची सून रात्री फोन हातात घेऊन तिला वाचून दाखवते. 'आशीर्वाद असू द्या' ऐकून आत्याने डोळ्यांसमोर काय आणायचं? म्हणून वाक्यं छोटी, कंसातलं काही नाही, इमोजींवर अर्थ सोडलेला नाही. लिहून झालं की एकदा मोठ्याने म्हणून बघायचं. जिथे श्वास अडतो तिथे वाक्य तोडायचं.

प्रदर्शनाचा आरोप मी बाजूला ठेवते. ही कॅप्शन घरच्या ग्रुपसाठी आहे, चौकात लावायला नाही. फक्त फोटो पुढे पाठवताना व्हॉट्सॲपवर कॅप्शन काढता येते, तेव्हा ग्रुपबाहेर पाठवणाऱ्याने ती काढावी, एवढं लेखात जोडते.

तुमच्याकडे आजोबा भरवतात, हे या ब्लॉगवर पहिल्यांदाच कुणी लिहिलं. कुठल्या गावची रीत, आजोबा आईकडचे की वडिलांकडचे, आणि ते बाळाला मांडीवर घेतात की पाटावर बसवतात, हे कळवा. लेखात तुमच्या रीतीचाही नमुना घालते.